मंगळवार-बुधवार-गुरुवार एकाच गाडीनं हिंजवडीला जाण्याबद्दल

ब-४०२,
आयडियल कॉलनी, कोथरूड
रविवार, १४ जून

प्रिय केतकी,

स. न.

फोनवर किंवा जिन्यात उभ्या उभ्या बोलता आलं असतं, पण वेळा आणि रस्ता नीट लिहून दिला की तुला घरी सगळ्यांशी बोलून ठरवता येईल, म्हणून हे पत्र तुमच्या दाराखालून सरकवते आहे.

गेल्या गुरुवारची गोष्ट. संध्याकाळी पाऊस लागला होता आणि वाकडच्या पुलाच्या अलीकडे गाड्या जागच्या हलत नव्हत्या. माझ्या पुढे एक राखाडी गाडी होती. वायपर फिरला, की तिच्या मागच्या काचेवरचं पिवळं स्टिकर दिसायचं. आपल्याच सोसायटीच्या पार्किंगचं, त्यावर ब-१०३. तूच होतीस. जवळजवळ पंचवीस मिनिटं आपण दोघी एकामागे एक बसून होतो, दोन गाड्यांत एकेकटी. घरी पोचल्यावर पाहिलं तर तुझी गाडीही नुकतीच लागली होती, बॉनेट अजून गरम होतं. एकाच गेटमधून निघून आपण एकाच गेटमध्ये शिरलो होतो. हे मनातून जाईना.

म्हणून विचारते, आपण एका गाडीनं जाऊया का?

तुझेही ऑफिसचे दिवस मंगळवार, बुधवार, गुरुवारच आहेत, हे तू गणपतीच्या वर्गणीला आलीस तेव्हा म्हणाली होतीस. मजले वेगळे असले तरी इमारत एकच आहे. फेज टूच्या त्याच गेटवर आपण कार्ड दाखवतो.

रस्ता मी असा धरते. पौड रोडनं सरळ आनंदनगर, वनाज, कोथरूड डेपो आणि चांदणी चौक. तिथून मुंबईच्या बाजूला बायपासला लागायचं आणि बावधन, सूस, बालेवाडी मागे टाकत वाकड. वाकडला उतरून हिंजवडीच्या शिवाजी चौकातून फेज टू. एका बाजूचं अंतर वीस-एकवीस किलोमीटर आहे, वाटेत टोल नाही. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी नवे रस्ते सुरू झाले, तेव्हापासून तिथे पूर्वीसारखं अडकायला होत नाही. खरा वेळ वाकडच्या पुढे जातो. म्हणून सगळं गणित एकाच गोष्टीवर आहे : सव्वाआठच्या आत वाकडचा पूल ओलांडायचा. साडेआठनंतर तिथे पोचलं, तर शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला कधीकधी चाळीस मिनिटं लागतात. हे मी चार वर्षं रोज बघते आहे.

त्यावरून वेळा अशा बसतात :

सकाळी ७.३५ – आपलं गेट, वॉचमनच्या खोलीसमोर
सकाळी ७.४५ – वनाज मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली, डेपोच्या बाजूला (मृणालसाठी)
सकाळी ७.५५ – चांदणी चौक
सकाळी ८.१० ते ८.१५ – वाकड
सकाळी ८.३५ – ऑफिसचं गेट
संध्याकाळी ५.३० – ऑफिसच्या पार्किंगमधून परत

परतीला पावणेसात धर, पाऊस असला तर सव्वासात. पुढे फारच तुंबलंय असं फोनवर दिसलं, तर सकाळी राधा चौकाला उतरून म्हाळुंगेमार्गे जाता येतं. तो रस्ता अरुंद आहे आणि पावसात खड्डे दिसत नाहीत, त्यामुळे मी तो अगदी नाइलाज झाला तरच घेते.

मृणाल माझ्या टीममधली आहे. वनाजला राहते, गाडी चालवत नाही. सध्या तिची दोन बस बदलत दीड तासाची वारी होते. ती अगदी आपल्या वाटेवर आहे, वळसा नाही. पण गाडी तुझीही असणार, म्हणून तुला विचारल्याशिवाय तिला काही बोललेले नाही. तुला नको असेल तर तसं मोकळेपणानं सांग, आपण दोघीच जाऊ.

पैशांचं. माझी गाडी शहरात लिटरला चौदा देते, म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ तीन लिटर, रोजचे तीनशे रुपये. महिन्याच्या बारा दिवसांचे छत्तीसशे. तुझेही साधारण तेवढेच जात असतील. पण आपसात पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत असं मला वाटतं. एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा तुझी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवता येत नाही. उद्या काही झालं आणि विम्याच्या माणसानं विचारलं, तर आपण कुणाकडून भाडं घेत नव्हतो हे सरळ सांगता आलं पाहिजे. मृणालकडूनही काही घ्यायचं नाही. ती बसल्यानं आपलं पेट्रोल वाढत नाही.

माझा विमा डिसेंबरपर्यंतचा आहे, पीयूसी मेमध्येच केली. मागे बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा, याबाबत मी हट्टी आहे. बायपासवर रात्री कंटेनर ज्या वेगानं जातात ते तूही पाहतेस.

कुणाला यायचं नसेल तर आदल्या रात्री साडेनऊपर्यंत मेसेज. सकाळी पाच मिनिटं वाट बघायची, ७.४० ला गाडी निघणार, आणि त्याचा राग दोन्हीकडून धरायचा नाही. ऑफिसात कुणाला थांबावं लागलं तर दुपारी चारपर्यंत सांगायचं, म्हणजे दुसरीला तिच्या वेळेला निघता येईल. जिची गाडी ती थांबणार असेल, तर दुसरीनं रिक्षानं किंवा कॅबनं यायचं, तेवढं चालवून घेऊ. तुझ्या आईंना संध्याकाळी फिजिओथेरपीला न्यावं लागतं, ते कोणत्या दिवशी असतं? त्या दिवशी पाचलाच निघू. माझी पाचची मीटिंग मी पुढेमागे करू शकते.

माझंही एक कारण आहे, ते सांगून टाकते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखायला लागला आहे, आणि घरी पोचते तेव्हा ओवीशी बोलायचीही ताकद उरत नाही. ती दहावीला आहे. आठवड्याआड स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असेल, तर त्या दिवशी तिचं गणित घेऊन बसता येईल. मला हे मनापासून हवं आहे. शिवाय रोज दोन तास जिच्या मागे-पुढे असतो, त्या शेजारणीची ओळख फक्त पार्किंगमधल्या नमस्कारापुरती असावी, हे मला बरं वाटत नाही.

मंगळवार, २३ जूनपासून महिनाभर करून पाहूया. पहिला आठवडा माझी गाडी. नाही जमलं तर थांबवू, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर वर ये, आईंनाही घेऊन ये, लिफ्ट चालू आहे. नाहीतर नुसता मेसेज कर, माझा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहे. ७.३५ तुला फार लवकर होत असेल तर तेही सांग. ७.४० पर्यंत ओढता येईल, त्यापुढे नाही.

तुझी,
वैशाली