गालिचा खांद्यावर, अब्रू अंगणात

फोटोत खांद्यावर गुंडाळलेला गालिचा घेऊन उभी आहे ती बाई मीच. नाही, घर बदलत नाहीये. चोरीही केलेली नाही. मागे पोट धरून हसतायत ते आमच्या बिल्डिंगमधले शेजारी आणि उजवीकडे चष्मा काढून डोळे पुसतायत त्या तळमजल्यावरच्या आजी. त्यांच्या नातवानं हा फोटो छापून जिन्यातल्या फळ्यावर लावला. येणारा-जाणारा कुरिअरवालासुद्धा बघून जातो, म्हणून म्हटलं, आता आपणच टाकूया.

झालं असं, की मागच्या अंगणात सगळ्या बिल्डिंगनं मिळून ग्रिलचा बेत केला होता. स्टुटगार्टमध्ये जूनमध्येसुद्धा ऊन उतरलं की गारठा जाणवतो. मी कुडकुडत बसलेली बघून आजी म्हणाल्या, “थंडी वाजत असेल तर वरून एक टेपिश घेऊन या की!” टेपिश म्हणजे गालिचा. जर्मनच्या पहिल्या पातळीच्या, ए-वनच्या पुस्तकात चित्रासकट दिलाय. मनात म्हटलं, असेल इथली पद्धत, आपणही सतरंजी अंथरतोच की. वर गेले, टीपॉय सरकवला, हॉलमधला गालिचा गुंडाळला. नवरा म्हणत होता, “अगं, एकदा विचार तरी नीट.” मी म्हटलं, “मला जर्मन येतं.”

हे वाक्य आता आमच्या घरात म्हण झालंय. भाजी करपली, गाडी चुकली, की तो शांतपणे म्हणतो, “तुला जर्मन येतं.”

तर, श्वेबिशमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, टेपिश म्हणजे पांघरूण. साधं, गुडघ्यावर घ्यायचं पांघरूण. पुस्तकी जर्मनमध्ये त्याला डेकं म्हणतात आणि मला फक्त पुस्तकी जर्मन येत होतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात शिकून इथे येणं म्हणजे शाळेच्या पुस्तकातून मराठी शिकून थेट मालवणच्या मासळीबाजारात उतरणं. विभक्ती पाठ आणि समोरचा काय बोलतोय ते कळत नाही!

श्वेबिशचा दुसरा फटका वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडून बसला. तळघरात फळी ठोकत होते. तोंडात दोन स्क्रू, हातात ड्रिल. मला म्हणाले, “हेब!” हेबन म्हणजे उचलणं, हे मला पक्कं माहीत. मी उचललं. ते पुन्हा म्हणाले, “हेब!” मी आणखी उचललं. त्यांनी आवाज चढवला, मी टाचा उंचावल्या. इथे हेब म्हणजे “धरून ठेव”. उचलायचं असेल तर वेगळाच शब्द आहे, लुप्फं. ती फळी अजून तिरकी आहे. त्यांनी मुद्दाम तशीच ठेवलीय आणि पाहुण्यांना दाखवतात.

सगळंच अवघड आहे असं नाही हं. पुस्तक सांगतं, फूस म्हणजे पाऊल. इथल्या लोकांचा फूस कमरेपासून सुरू होतो. आजी म्हणाल्या “फूस दुखतोय” आणि हात ठेवला मांडीवर, तर मला काहीच वावगं वाटलं नाही. आपलाही पाय तसाच की! तीन लिंगांचाही बाऊ वाटला नाही. क्लासमध्ये बाकीचे रडत होते, की मुलगी नपुंसकलिंगी कशी? मी म्हटलं, आमच्याकडे ते पोरगं असतंच. आणि ड्रायफिअर्टेल झीबन म्हणजे पावणेसात, हे तर मला न शिकवता कळलं. पाऊण सात, संपला विषय.

मात्र हाल्ब झीबननं दगा दिला. हाल्ब म्हणजे अर्धा, झीबन म्हणजे सात. झाले की साडेसात! तर नाही, साडेसहा. जर्मन माणसाच्या घरी जेवायला एक तास उशिरा गेलेली बाई कशी दिसते, ते मला विचारा. टेबल लावलेलं, सगळे ताठ बसलेले आणि श्पेट्झलं, म्हणजे इथल्या शेवया, थंडगार. त्यात शेवटी पोट भरल्यावर मी कौतुकानं म्हटलं, “इश बिन फोल.” म्हणजे, मी टाईट झालेय. प्यायले होते सफरचंदाचा रस आणि सोडा. यजमानांनी ग्लास उचलून वास घेतला.

आता सगळ्यात गाजलेला किस्सा. जुलैची दमट दुपार, जिन्यात आजी भेटल्या. दमट म्हणजे श्व्यूल. तोंडाचा चंबू करायचा ऊ-साठी आणि आतून म्हणायचं ई. आपल्या जिभेला ही सवय नाही. मी सरळ ऊ लावून म्हटलं, “आज फार श्वूल आहे नाही?” म्हणजे आज हवा फार गे आहे. आजींनी खिडकीबाहेर नीट बघितलं आणि म्हणाल्या, “असेल बाई. हवेच्या खासगी आयुष्यात आपण कशाला पडायचं?”

चेहरा अगदी सरळ. दोन पायऱ्या उतरल्या आणि मग कठड्याला धरून हसत बसल्या.

माझं मत विचाराल तर, चुकल्यावर लगेच इंग्रजीत उत्तर देणारी माणसं सभ्य असतात, पण त्यांच्याकडून शिकायला काही मिळत नाही. माझ्या ऑफिसात सगळे असेच सभ्य आहेत, म्हणून तिथलं माझं जर्मन अजून “नमस्कार” आणि “प्रिंटर बंद आहे” एवढंच. हसणारी माणसं थांबतात, पुन्हा म्हणायला लावतात. ओठ कसे करायचे ते दाखवतात. श्व्यूलचा चंबू मला आजींनी पत्रपेटीसमोर उभं करून शिकवला, दोघींचे चंबू, आणि पोस्टमन बघतोय.

आणि गालिच्याच्या रात्री हसून झाल्यावर त्याच आजी म्हणाल्या, “आता आपण एकमेकींना डू म्हणूया.” म्हणजे अहो-जाहो बंद, अगं-तुगं सुरू. इथे हा मान मोठ्या माणसानं द्यायचा असतो, धाकट्यानं मागायचा नसतो. शेजारी वर्षानुवर्षं झी-झी, म्हणजे अहो-अहो, करत राहतात म्हणे. माझं काम एका गालिच्यात झालं.

अगं-तुगं झाल्यापासून केअरवोखं मात्र जास्त कडक झालंय. जिना झाडायची-पुसायची पाळी, दारावर पाटी लटकवून जाते. (नावातच केर आहे, विसरायची सोयच नाही.) आधी आजी म्हणायच्या, “कोपरा राहिला वाटतं तुमचा.” आता थेट, “तुझा कोपरा. परत.”

हल्ली उलटी शिकवणीही चालते. फळीवाल्या आजोबांना मराठी शिकायचंय. ळ येत नाही, तो सोडून दिला. पण जर्मन माणूस सुरुवातीचा क फुंकर मारून म्हणतो, त्यामुळे त्यांचा “का?” आपल्याला “खा” ऐकू येतो. परवा चकलीबद्दल विचारत होते, तळायची का, भाजायची का नाही. ते म्हणाले “खा?” मी खाल्ली. पुन्हा “खा?” मी दुसरी घेतली. डबा निम्मा झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे बघून विचारलं, ही माझ्या प्रश्नांची उत्तरं का देत नाही?

#स्टुटगार्टकर #मलाजर्मनयेतं #श्वेबिशचीशिकवणी #शेजारधर्म #चुकतमाकत