आ. १ गोळी

वानखेडे काका नागपूरच्या महाल भागातल्या नेहमीच्या मेडिकलवर आले ते मलम मागायला.

"तोंड आलंय, पल्लवी. तीन दिवस झाले, तर्री बंद. नुसते पोहे खाऊन राहिलो."

मलमाची ट्यूब काढता काढता तिनं सहज विचारलं, "नवीन गोळी सुरू झाली काय?"

"बीपीची तूच देते. अन् ही सांध्यांची, धंतोलीहून आणलेली." काकांनी शर्टाच्या खिशातून खाकी पाकीट काढलं.

आत मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम. दहाच्या पट्टीत चार उरलेल्या. पल्लवीचा हात ट्यूबवरच थांबला.

"कधी आणल्या?"

"गेल्या शनिवारी."

आज शुक्रवार होता. "रोज घेतल्या, काका?"

"मग? लिहिलंय ना तसं!"

पाकिटावर कुणीतरी घाईघाईत बॉलपेननं खरडलं होतं: आ. १ गोळी, रात्री.

"आहारानंतर एक," काकांनी वाचून दाखवलं. कोषागारात ३४ वर्षं बिलं तपासलेला माणूस, मा., दि., जा.क्र. झोपेतही उलगडणारा. त्यांना कोण शिकवणार?

"आठवड्यातून एक, काका."

"असं कसं? आठवड्यातून एक गोळी घेऊन गुडघे थांबतात काय?"

"ही अशीच घेतात. मोठ्या डोसमध्ये हीच कॅन्सरला देतात. रोज घेतली की हाडातल्या मगजाला रक्तपेशी बनवायला उसंतच मिळत नाही. तोंड त्यानंच आलंय. ताप?"

"कणकण आहे थोडी."

तिनं ट्यूब परत ड्रॉवरमध्ये टाकली आणि चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. डॉक्टर स्वतः फोनवर आले. काकांना इकडचंच ऐकू येत होतं: "सहा, सर. सलग... हो, तोंडात फोड... ताप आहे म्हणतात... आत्ताच पाठवते."

"उद्या सकाळी जातो ना," काका म्हणाले. "आज सुनेकडे जेवण आहे. मलम दे तोवर."

"मलम नाही देत. आज रक्त तपासायचं, सीबीसी अन् किडनी. ल्युकोव्होरिनचं इंजेक्शन लागंल, ते जितकं लवकर तितकं बरं. सूनबाईला मी फोन करते, नंबर सांगा."

काकांनी नंबर सांगितला. आवाज जरा उतरला होता. पोऱ्या ऑटो आणायला पळाला.

"पाकीट अन् पट्टी सोबत ठेवा, डॉक्टरांना दाखवायला. आज रात्री गोळी नाही. ते सांगेपर्यंत मुळीच नाही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाकीट डोळ्यांशी नेलं. "अस्पष्ट आहे हे. आमच्याकडं असं बिल पासच झालं नसतं." खिशाचं पेन काढून काउंटरवर पाकीट टेकवलं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायला लागले: ‘आ.’ म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा.

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

"सही ऑटोत करा, काका," पल्लवी म्हणाली. "चला."