सिक्स ऑफ स्वोर्ड्स : उभयतांसाठी केलेले वाचन

सप्रेम नमस्कार. नाशिकचे दुकान बंद करून जूनमध्ये पुण्याला बिऱ्हाड हलवल्यावर आपले पुन्हा सूर जुळतील का, या आपल्या प्रश्नावर टॅरोची तीन कार्डे काढली. मागच्या वर्षाच्या जागी फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स आले, मधोमध सिक्स ऑफ स्वोर्ड्स आणि पुढच्या काळासाठी टू ऑफ पेंटॅकल्स.

पहिल्या कार्डाविषयी फार लिहीत नाही. न विचारता गहाण ठेवलेले दागिने, त्यानंतरचे कडाक्याचे भांडण आणि दिवाळीतही माहेरीच राहणे, हे सारे आपण स्वतःच सांगितले आहे. त्या चित्रात एकजण तलवारी गोळा करतो आहे आणि बाकीचे दोघे पाठ फिरवून निघाले आहेत. वाद जिंकूनही हाती काही उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरे उत्तर मधल्या कार्डात आहे. 1909 साली प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट संचासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या या चित्रात नावाडी उभा राहून बांबूने नाव ढकलतो आहे, पुढे अंगभर वस्त्र लपेटलेली स्त्री आणि लहान मूल बसले आहे, आणि नावेच्या एका अंगाला पाण्यावर लाटा असल्या तरी दुसऱ्या अंगाला पाणी संथ आहे. तिघांचीही पाठ आपल्याकडे आहे. प्रवासाचा आनंद इथे दिसत नाही, आणि आपणही तो इतक्यात एकमेकांकडून मागू नये. बांबू तळाला टेकवत नाव पुढे सरते, म्हणजे गती संथच राहणार. महिनाभरात पूर्वीसारखे हसणे-बोलणे सुरू झाले नाही, तर बेत फसला असे समजू नका.

सहा तलवारी नावेतच रोवलेल्या आहेत. त्या उपटल्या तर भोकांतून पाणी शिरेल, असे टॅरो वाचणारे सांगतात, आणि आपल्या बाबतीत ते मला तंतोतंत लागू वाटते. दागिन्यांचा विषय विसरला जाणार नाही. मात्र सामानाची बांधाबांध चालू असताना तो उकरून काढू नये, पुण्यात स्थिरस्थावर झाल्यावर समुपदेशकांसमोर मांडावा. नावाडी म्हणजे नवरा आणि बसलेली ती बायको, हे रूढ वाचन मला पटत नाही. गेले वर्षभर घर कोणी ओढले, हे आपणा दोघांनाही ठाऊक आहे, तेव्हा आता बांबू दुसऱ्याने हाती घ्यावा. चित्रातले मूल मला आपल्या आठ वर्षांच्या मुलीसारखे वाटते: गप्प बसलेली, पण सारे ऐकणारी. नव्या शाळेविषयी तिला आपण दोघांनी मिळून सांगावे.

टू ऑफ पेंटॅकल्समध्ये दोन नाणी झेलणाऱ्या माणसामागे उंच लाटांवर जहाजे हेलकावत आहेत. पैशाची ओढाताण पुण्यातही राहील. म्हणून पगार झाल्यावर दोघांनी एकाच वहीत घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि दागिने सोडवण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम लिहावी, आणि त्या वहीत नसलेले कोणतेही कर्ज कोणीही एकट्याने काढू नये.