मधुरा, आधी पूर्ण वाच मग रिप्लाय दे

अगं सकाळपासून तीनदा "मी ठीक आहे" म्हणालीस, आणि तू ठीक असलीस की तीन मिनिटांचे व्हॉइस नोट पाठवतेस, तीन शब्द नाही, म्हणून लिहितेय. लोहगडच्या स्टोरीज बघितल्यास ना. वाईट वाटणारच गं, ग्रुपमधले सहा जण एका फोटोत आणि आपल्याला पत्ताच नाही, मी तर रात्रभर झोपले नसते.

कसं झालं ते खरं खरं सांगते. शुक्रवारी रात्री आम्ही चौघं टपरीवर चहा पीत होतो तिथेच ठरलं, मेन ग्रुपवर टाकलं की सगळ्यांच्या हो-नाहीत प्लॅन बारगळतो म्हणून वेगळा ग्रुप केला, त्यात कोणीतरी म्हणालं मधुराची रविवारी जर्मनची परीक्षा आहे, ती नाही येणार. ती पुढच्या रविवारी आहे हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, वाटलं कोणीतरी विचारेलच तुला. चूक माझी आहे, सॉरी. माळवलीला लोकलमधून उतरलो तेव्हा तुझी एकदम आठवण आली, फोन काढला आणि परत बॅगेत ठेवला, आता काय तोंडाने सांगणार म्हणून.

पण "मधुरा नको" असं कोणीही म्हणालं नाही, शपथ, मी पूर्ण वेळ तिथेच होते. तू मनात जे धरून बसलीयस ना की आपण कोणाला आवडत नाही, ते काढून टाक प्लीज.

गेल्या पावसाळ्यात राजगडला माझा गुडघा गेला होता आठवतंय? बाकीचे पद्मावती माचीवर पोचून मॅगी खात होते आणि तू गुंजवण्याच्या त्या चढावर दर दहा पावलांना माझ्यासोबत थांबत होतीस, माझी पण बॅग घेऊन, आणि वर कोणाला एका शब्दाने बोलली नाहीस. काल विंचूकाट्याकडे जाताना धुक्यात पुढचं माणूस दिसत नव्हतं, मी दोनदा घसरले, दोन्ही वेळा मागे वळून बघितलं तर तू नव्हतीस. कसंतरीच झालं गं मला.

आज सहा वाजता येतेय तुझ्याकडे, नाही म्हणू नकोस, येताना गरम वडापाव आणते आणि ते जर्मन शब्दांचं पुस्तक काढून ठेव, मी विचारते तू सांग. रडायचं असेल तर रड, माझ्यावर चिडायचं असेल तर चिड, पण समोर बसून.

आणि परीक्षा झाली की त्याच्या पुढच्या शनिवारी सिंहगड, पहाटे स्वारगेटवरून 50 नंबर पकडू, आतकरवाडीतून चालत वर, मग कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, दही तू दोन खा. बाकीच्यांना बोलवायचं की आपण दोघीच जायचं ते तू ठरव, मी कोणाला काहीच सांगितलेलं नाहीये अजून.