बफर द्रावणावरील प्रश्नाचे आदर्श उत्तर आणि टप्प्यांनुसार गुणदान

प्रश्न ४ (एकूण गुण १५)

०.२० मोल प्रति लीटर संहतीचे ५०० मिलिलीटर अॅसिटिक आम्ल आणि ०.३० मोल प्रति लीटर संहतीचे ५०० मिलिलीटर सोडियम अॅसिटेट २५ अंश सेल्सिअस तापमानाला एकत्र केले. अॅसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक Ka = 1.8 × 10⁻⁵ आहे.

(अ) हे मिश्रण बफर द्रावण का ठरते, ते समीकरणांसह स्पष्ट करा. (३)
(आ) मिश्रणाचा सामू काढा. (३)
(इ) मिश्रणात ०.०१० मोल घन सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवले. आकारमान बदलत नाही असे मानून नवा सामू काढा. (४)
(ई) तेवढेच सोडियम हायड्रॉक्साइड १ लीटर शुद्ध पाण्यात विरघळवले, तर सामूत होणाऱ्या बदलाची (इ) मधील बदलाशी तुलना करा. (२)
(उ) सामू pKa ± 1 या मर्यादेत राहायला हवा असेल, तर मूळ मिश्रण तीव्र आम्ल अधिक सोसेल की तीव्र आम्लारी? आकडे काढून उत्तर द्या. (३)

आदर्श उत्तर

(अ) थोडे आम्ल किंवा थोडी आम्लारी मिसळली असता ज्या द्रावणाचा सामू फारसा बदलत नाही, त्यास बफर द्रावण म्हणतात. दिलेल्या मिश्रणात दुर्बल आम्ल आणि त्याची संयुग्मी आम्लारी ही दोन्ही लक्षणीय प्रमाणात असल्यामुळे ते या व्याख्येत बसते. [१ गुण]

बाहेरून आलेले हायड्रोजन आयन अॅसिटेट आयन टिपून घेतात. [१ गुण]

CH₃COO⁻ + H⁺ → CH₃COOH

बाहेरून आलेल्या हायड्रॉक्साइड आयनांचे उदासिनीकरण अॅसिटिक आम्ल करते. [१ गुण]

CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O

*परीक्षकांसाठी:* "बफर सामू स्थिर ठेवतो" एवढेच लिहिल्यास व्याख्येचा गुण देऊ नये, कारण सामू बदलतोच, फक्त थोडा बदलतो, आणि (इ) मध्ये विद्यार्थ्याला तोच बदल मोजायचा आहे. समीकरणांत सोडियम आयन दाखवला तरी गुण कापू नये.

(आ) मिश्रणाचे एकूण आकारमान १ लीटर असून त्यातील घटकांचे मोल पुढीलप्रमाणे आहेत. [१ गुण]

CH₃COOH = 0.20 × 0.500 = 0.10 mol
CH₃COO⁻ = 0.30 × 0.500 = 0.15 mol

अॅसिटेट आयनांच्या उपस्थितीमुळे आम्लाचे विचरण दाबले जाते, म्हणून आम्लाची समतोल संहती त्याच्या आरंभीच्या संहतीइतकीच धरता येते आणि हेंडरसन-हॅसलबाल्च समीकरण वापरता येते. [समीकरण व किमती भरणे, १ गुण]

pH = pKa + log([CH₃COO⁻]/[CH₃COOH])
pKa = −log(1.8 × 10⁻⁵) = 4.74
pH = 4.74 + log(0.15/0.10) = 4.74 + 0.18 = 4.92 [१ गुण]

*परीक्षकांसाठी:* [H⁺] = 1.8 × 10⁻⁵ × 0.10/0.15 = 1.2 × 10⁻⁵ या मार्गाने आलेले 4.92 हे उत्तर तितकेच ग्राह्य आहे. किंबहुना या मार्गात वरील गृहीतक किती योग्य होते तेही दिसते, कारण 1.2 × 10⁻⁵ ही संख्या 0.10 च्या तुलनेत नगण्य आहे. गुणोत्तर उलटे लिहिणाऱ्यांना 4.57 मिळेल. मिश्रणात आम्लापेक्षा अॅसिटेट जास्त असताना सामू pKa पेक्षा कमी येणे शक्य नाही, आणि ही एका नजरेची पडताळणी विद्यार्थ्याने स्वतः करणे अपेक्षित असल्यामुळे शेवटचा गुण येथे मिळणार नाही. पाठ असलेली 4.76 ही pKa वापरून 4.94 लिहिल्यासही शेवटचा गुण जाईल. प्रश्नात Ka दिला आहे, तोच वापरायचा.

(इ) सोडियम हायड्रॉक्साइड ही तीव्र आम्लारी असल्यामुळे तिचे सर्व हायड्रॉक्साइड आयन अॅसिटिक आम्लाशी पूर्ण अभिक्रिया करतात, म्हणजे जितके मोल आम्ल खर्च होते तितकेच मोल अॅसिटेट नव्याने तयार होते. [१ गुण]

CH₃COOH = 0.10 − 0.010 = 0.090 mol [१ गुण]
CH₃COO⁻ = 0.15 + 0.010 = 0.160 mol [१ गुण]
pH = 4.74 + log(0.160/0.090) = 4.74 + 0.25 = 4.99 [१ गुण]

*परीक्षकांसाठी:* या उपप्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. काही विद्यार्थी (आ) मध्ये मोल काढतच नाहीत, तर बाटलीवरच्या 0.20 आणि 0.30 या संहती थेट गुणोत्तरात भरतात. दोन्ही द्रावणांची आकारमाने सारखी असल्यामुळे गुणोत्तर तेच राहते आणि 4.92 हे उत्तर बरोबर येते, त्यामुळे चूक तेथे झाकली जाते. ती येथे उघडी पडते: 0.20 मधून 0.010 वजा करून आणि 0.30 मध्ये 0.010 मिळवून 0.31/0.19 असे गुणोत्तर येते आणि सामू 4.96 निघतो. अशा उत्तरपत्रिकेत (आ) मधील मोलांचा एक गुण कापावा, कारण चूक तेथेच घडली आहे. (इ) मध्ये अभिक्रियेचा गुण, तसेच वजाबाकी व बेरीज योग्य दिशेने केल्याबद्दल दोन्ही गुण द्यावेत, मात्र 4.96 या उत्तराला शेवटचा गुण नाही. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा होते असे वाटू शकेल, पण संहती आणि मोल यांची सरमिसळ झाली की विद्यार्थी मिलिमोल आणि मोलही बेधडक एकत्र मिळवू लागतो, म्हणून हा एक गुण राखून ठेवणे मला योग्य वाटते.

हायड्रॉक्साइड मिसळूनही ज्यांचा सामू कमी झाला, त्यांनी मोल उलट दिशेने मिळवले आहेत. त्यांना या उपप्रश्नात फक्त अभिक्रियेचा गुण मिळेल, तोही समीकरण बरोबर लिहिले असेल तरच.

(ई) पाण्यात [OH⁻] = 0.010 mol/L, म्हणून pOH = 2.00 आणि pH = 12.00. [१ गुण]

शुद्ध पाण्याचा सामू ७.०० वरून १२.०० वर जातो, म्हणजे ५ एककांनी वाढतो, तर बफर द्रावणात तेवढ्याच आम्लारीने सामू केवळ ०.०७ एककाने वाढतो. [१ गुण]

(उ) मिश्रणात आम्ल आणि अॅसिटेट मिळून ०.२५ मोल आहेत आणि तीव्र आम्ल किंवा आम्लारी मिसळल्याने ही बेरीज बदलत नाही, केवळ वाटणी बदलते. खालच्या मर्यादेला अॅसिटेट आणि आम्ल यांचे प्रमाण १:१० असते, म्हणून अॅसिटेट 0.25/11 = 0.023 mol उरते आणि सोसता येणारे तीव्र आम्ल पुढीलप्रमाणे निघते. [१ गुण]

0.15 − 0.023 = 0.127 mol

वरच्या मर्यादेला हेच प्रमाण १०:१ होते आणि आम्ल 0.023 mol उरते, म्हणून तीव्र आम्लारी इतकीच सोसली जाते. [१ गुण]

0.10 − 0.023 = 0.077 mol

म्हणून हे मिश्रण तीव्र आम्ल अधिक सोसते; कारण त्यात आम्लाला टिपणाऱ्या अॅसिटेटचा साठा आम्लारीला टिपणाऱ्या अॅसिटिक आम्लाच्या साठ्यापेक्षा मोठा आहे. [१ गुण]

*परीक्षकांसाठी:* आकडे न काढता केवळ हे कारण अचूक लिहिणाऱ्यास शेवटचा एक गुण द्यावा. "सामू ७ पेक्षा कमी आहे, म्हणून मिश्रण आम्लारी अधिक सोसेल" हा तर्क सहज सुचणारा असला तरी चुकीचा आहे. बफरची सोसण्याची क्षमता सामू ७ च्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरत नाही, घटकांच्या साठ्यावर ठरते. अशा उत्तराला शून्य गुण द्यावेत.