स्वाती, तुझी पोस्ट वाचली

स्वाती, पोस्ट दुपारीच दिसली होती. तेव्हा सेंटरवर हरभऱ्याच्या पीक विम्यासाठी रांग लागली होती आणि सर्व्हर दर पाच मिनिटांनी बसत होता. म्हणून नुसता अंगठा दाबून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. आता शटर खाली ओढलं, लाइन गेलेली आहे, इन्व्हर्टरवर एक बल्ब चालू आहे, तर बसून लिहिते.

चार ओळी लिहिल्या तू. निकाल लागला, तुम्ही दोघं कायद्यानं वेगळे झालात, पिहू तुझ्याजवळ आहे, कारणं कोणी विचारू नका. चारही ओळी मी जशाच्या तशा घेतल्या. चौथी तर आधी.

मी विचारणार नाही व. आज नाही, रविवारी भेटलीस तरी नाही, आणि दोन वर्षांनी एखाद्या लग्नात मांडवामागे आपण दोघीच बसलो असू तेव्हाही नाही. तुला कधी सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगू. आपल्या मैत्रीत त्यानं काही अडत नाही.

हे मी तुझ्याकडूनच शिकली आहे, तुला आठवते की नाही माहीत नाही. २०१२ ची दिवाळी होऊन गेली होती, माझं साक्षगंध मोडलं होतं. पंधरा दिवस घरी माणसांची रीघ. जो येते तो चहा पिते आणि बशी खाली ठेवता ठेवता विचारते, "काऊन मोडलं व?" आईनं तर शेवटी एक उत्तरच पाठ करून ठेवलं होतं. मी आतल्या खोलीत गादीवर पडून ते भिंतीपलीकडून ऐकत राहायची. मग एके दिवशी सकाळी सातला तू आलीस. दारातच उभी. चहाही घेतला नाही. म्हटलं, "चाल, कापूस फुटला. बाबांले बाया भेटून नाही राहिल्या." बस. मी उठली, जुनं लुगडं ओटीसारखं कमरेला बांधलं आणि तुमच्या वावरात गेली.

त्या दिवशी आपण काय बोललो ते सांगू? बोंड नखात कसं घुसते ते. खालचा कापूस ओला आहे, वरचाच घे, हे. दुपारी शिदोरीत तुझ्या आईनं दिलेला ठेचा इतका जहाल होता की दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यात माझं थोडं खरं रडणं मिसळून गेलं ते तू पाहिलंस. पाहून कळशी माझ्याकडे सरकवलीस आणि कांद्यावर मीठ टाकत बसलीस. संध्याकाळी काट्यावर तुझा सव्वीस किलो भरला, माझा अकरा. बाबा हसले, म्हणाले, "हे पोट्टी वेचाले आली होती का फुलं तोडाले?" पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी तेव्हा हसली.

साक्षगंध काऊन मोडलं ते तुला आजही माहीत नाही. इथे सगळ्यांसमोर सांगणारही नाही, लोकहो, वाट पाहू नका.

म्हणून म्हणते, तू मला काही देणं लागत नाहीस. ना कारण, ना खुलासा.

आज गिरणीवर दळण घेऊन गेली तर एक मावशी तुझंच घेऊन बसल्या होत्या. फोन कोणाच्या तरी पोरानं वाचून दाखवलेला. मला पाहून म्हणे, "तुले तं सारं माहीत असन." मी म्हटलं, "मावशी, तुमचं दळण झालं, पीठ खाली सांडून राहिलं." खरंच सांडत होतं. त्यांचा जीव काही वाईट नाही. पण गावात ज्वारी, तूर आणि दुसऱ्याचा संसार या तीन गोष्टी पाखडल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. चार दिवस पाखडतील, मग सीसीआयची कापूस खरेदी सुरू झाली की कापसाच्या भावावर बोलायला लागतील.

राहुल भाऊजींबद्दलही मी वाकडा शब्द बोलणार नाही. तू तुझ्या पोस्टमध्ये बोलली नाहीस, तर मी कोण? माझ्या लग्नात त्यांनी पंगतीत भर उन्हात बुंदी वाढली होती, तेही मला आठवते. तुझ्या बाजूनं उभं राहायला मला कोणाच्या विरुद्ध उभं राहायची गरज नाही. पिहू मोठी होऊन कधी हे सगळं वाचेल, तिच्या मावशीनं तिच्या बापाबद्दल काय लिहिलं तेही वाचेल.

आता थोडं कामाचं. तुला माहीत आहे, मला कागद दिसल्याशिवाय माया दाखवता येत नाही.

या सेंटरवर बसून मला आठ वर्षं झाली. तुझ्यासारख्या बाया येतात. काउंटरपाशी येऊन आवाज इतका खाली आणतात की मला काचेच्या भोकाला कान लावावा लागते. सुरुवातीला मीही वेडीच होती. एकीला सहज विचारून बसली, "काय झालं व ताई?" ती फाइल उचलून तशीच निघून गेली, पुन्हा आलीच नाही. तिचं काम अर्धं राहिलं ते माझ्या जिभेपायी. तेव्हापासून मी फक्त एवढंच विचारते की कोणता कागद पाहिजे. आणि एक सांगू? इतके फॉर्म भरले मी. जात, उत्पन्न, गट नंबर, बँकेचा आयएफएससी, सगळं लागते. वैवाहिक स्थितीचा रकाना असते, त्यात टिक करायची असते. पण कारणाचा रकाना मला अजून एकाही फॉर्ममध्ये दिसला नाही. मग मावशीला तो कुठून पाहिजे?

तर, निकालाची कोर्टाच्या सही-शिक्क्याची नक्कल एकच घेतली असशील तर आणखी तीन-चार काढून ठेव. नकलेचा अर्ज वकिलाच्या मुन्शीला सांगितला की तो टाकून देते. मूळ नक्कल कोणाच्या हातात ठेवून येऊ नको, आणि प्रेमापोटी लॅमिनेशन तर अजिबात करू नको. लोक करतात, मग पाहणाऱ्याला शिक्का बोटाला लागत नाही आणि तो शंका घेते.

नाव बदलायचं की नाही ही तुझी मर्जी. बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि बदलायचं असेल तर आधारसाठी हीच नक्कल चालते. तुझं नाव शाळेपासून माझ्या वहीत "स्वाती" एवढंच आहे, त्यामुळे माझ्याकडे काही दुरुस्ती करायची नाही. रेशनकार्डावरून नाव कमी करून आईच्या कार्डात घ्यायचं की वेगळं काढायचं ते भेटल्यावर पाहू, घाई नाही. योजनांचंही तेव्हाच. लाडकी बहीणमध्ये घटस्फोटित बायाही बसतात, फक्त केवायसीत पूर्वी नवऱ्याचा आधार लावला असेल तर आधी ते पाहावं लागेल. संजय गांधी निराधारचेही निकष आहेत, उत्पन्नाचा दाखला काढला की कळेल. तुझ्याकडून सेंटरचे पैसे घेणार नाही, आणि तू द्यायला लागलीस तर भांडण होईल.

पिहूच्या शाळेची मात्र वाट पाहू नको. तिसरीतली पोर आहे, घरी बसवू नको. आठवीपर्यंत टीसी यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. कोणी अडवलंच तर मला फोन लाव, मी गाडी काढून येते. मास्तरांशी भांडायची मला सवय आहे, तुला माहीत आहे ते.

आणि संक्रांत येते आहे. माझ्या हळदीकुंकवाच्या यादीत तुझं नाव दरवर्षी जिथं असते तिथंच आहे, माझ्या जावेच्या खाली आणि अंगणवाडीच्या मॅडमच्या वर. सासूबाईंना मी विचारलं नाही, सांगितलं. त्या थोडा वेळ सुपातले तीळ निवडत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी निघते. मग म्हणाल्या, "पोरीले घेऊन येईन नं ते? तं लाडू जास्तीचे कर." तिळाचा भाव विचारून आली मी, करते जास्तीचे.

तू ठीक आहेस का असं विचारायचं होतं, पण त्याचं उत्तर द्यायचीही तुझ्यावर जबरदस्ती नको. कधी मोकळं वाटत असेल, कधी रात्री घर खायला उठत असेल. कधी त्या घराची आठवणही येईल, अकरा वर्षं काही थोडी नाहीत. जे वाटते ते वाटू दे. रात्री झोप आली नाही तर फोन लाव, मी तशीही बारापर्यंत जागीच असते. फोन लावून बोलली नाहीस तरी चालते. मी इकडे माझ्या पावत्या जुळवत बसते, तू तिकडे ऐकत राहा.

इथे लिहायचं तेवढं लिहून झालं, बाकी इथे नको.

या रविवारी वावरात रोडगे आहेत. गोवऱ्या रचून झाल्या, वांगे आपल्याच मळ्यातले, आणि वरण मी करणार आहे, त्यामुळे अपेक्षा कमी ठेव. दहा-बारा माणसं असतील. सगळ्यांना मी बजावून ठेवलं आहे, कोणी काही विचारणार नाही. आमचे हे विसरून काही बोलले तर त्यांना गोवऱ्या फुंकायला बसवते. रात्री राहायचं झालं तर समोरची खोली कापसानं भरली आहे, पिहूला त्याच्यावर उड्या मारायच्या असतील तर मारू दे, फक्त झोपू देऊ नको, अंगाला खाज सुटते. तुमच्या दोघींचं अंथरूण माझ्या खोलीत. आमचे हे ओसरीवर झोपतील, त्यांनाही सांगून झालं.

यवतमाळहून सकाळची दारव्ह्यावरून येणारी दिग्रसची गाडी पकडजो. फाट्यावर उतर, मी स्कूटी घेऊन उभी राहीन. पिहूचं स्वेटर आणजो, सकाळी वावरात लय थंडी असते. आणि तुझ्या आईला म्हणावं, जमलं तर तो ठेचा थोडा डब्यात देजो.