घरी येऊन कन्नड आणि गणिताची शिकवणी: बेळगावातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरच्या माझ्या पोस्टी

(ॲडमिन काकांना खाजगी मेसेज, शुक्रवार, ५ जून)

काका, नमस्कार. मी दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे राहते, गेल्या वर्षी हळदी-कुंकवाला तुमच्याकडे आले होते. मुलांच्या घरी जाऊन कन्नड आणि गणित शिकवते. ग्रुपच्या नियमांत लिहिलंय की जाहिरात महिन्याच्या पहिल्या रविवारीच टाकायची, एकदाच, आणि आधी तुम्हाला दाखवून. म्हणून रविवारी टाकायचा मजकूर आज पाठवतेय. फोटो किंवा पोस्टर काही नाही, नुसतं लिहिलेलं आहे. लांब वाटला तर सांगा, कमी करते. कुणी ग्रुपवरच प्रश्न विचारला तर तिथे एकदा उत्तर दिलेलं चालेल का, तेवढं कळवा.

(ग्रुपवर, रविवार, ७ जून)

नमस्कार मंडळी. ॲडमिन काकांना विचारून ही पोस्ट टाकतेय. या महिन्यातली माझी ही एकच जाहिरात.

मी पाचवी ते दहावीच्या मुलांना कन्नड शिकवते आणि पाचवी ते आठवीपर्यंत गणित. तुमच्या घरी येऊन. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर आणि अनगोळ एवढ्याच भागात, कारण गाडीवरून संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत त्यापलीकडे जाणं जमत नाही. शहापूर-वडगावच्या पालकांना मी होकार देऊन नंतर दांड्या मारण्यापेक्षा आत्ताच नाही म्हणते.

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी एक तास. पाचवी ते सातवी महिना १२०० रुपये, आठवीपासून १५०० रुपये. पैसे महिना संपल्यावर. पहिला तास बघण्यापुरता, त्याचे पैसे नाहीत. त्या तासाला आई-बाबांपैकी कुणीतरी घरात असावं असं मला वाटतं, म्हणजे मी कशी शिकवते ते तुम्हालाही दिसेल.

आता कन्नडबद्दल थोडं, कारण माझी खरी शिकवणी तीच आहे.

मराठी माध्यमातली आपली मुलं बाजारात, बसमध्ये कन्नड बरंच समजून घेतात. भाजीवाल्याशी घासाघीसही करतात. पण वही उघडली की अडतात. बऱ्याच मुलांच्या चुका तीन-चार ठरावीक जागी असतात. जोडाक्षर घ्या. मराठीत आपण पहिलं अक्षर अर्धं करतो आणि दुसरं पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये उलटं: पहिलं अक्षर पूर्ण राहतं आणि दुसरं छोटं होऊन त्याच्या खाली जातं. त्याला ते 'ओत्तक्षर' म्हणतात. 'अम्म' लिहायला सांगितलं की मूल सवयीने पहिला म अर्धा करायला बघतं. 'सूर्य' लिहिताना मराठीतला रफार य च्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये तो य च्या नंतर, उजव्या बाजूला येतो. हे कुणी बाजूला बसवून, बोट ठेवून दाखवलं नाही तर मूल वर्षभर चुकत राहतं आणि 'मला कन्नड येतच नाही' असं ठरवून मोकळं होतं. माझे पहिले पंधरा दिवस पुस्तकाचे नसतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी वही आम्ही दोघं मिळून करतो.

किती गुण पडतील याची हमी मी देत नाही. मूल कुठे अडतंय आणि काय सुधारलं हे दर महिन्याला लिहून देते.

विज्ञान आणि अकरावी-बारावी मी शिकवत नाही. मुलांचे फोटो किंवा मार्कलिस्ट जाहिरातीत टाकत नाही. आधी शिकलेल्या मुलांच्या पालकांशी बोलायचं असेल तर त्यांना विचारून जोडून देते.

या वर्षी आणखी पाच मुलांना वेळ आहे. विचारायचं असेल तर मला खाजगी मेसेज करा, ग्रुपमध्ये माझा नंबर दिसतोच. संध्याकाळी शिकवत असते, म्हणून उत्तर रात्री साडेआठनंतर देईन. मी स्वतःहून कुणाला मेसेज करणार नाही.

(त्याच दिवशी, ग्रुपवर आलेल्या प्रश्नांना)

वहिनी, हो, इंग्लिश मीडियमच्या मुलांनाही शिकवते. कन्नड सक्तीचं करणाऱ्या कर्नाटकच्या २०१५च्या कायद्यानंतर सीबीएसईच्या शाळांतही कन्नड आलं, त्यामुळे असे पालक विचारतात. तुमच्या मुलाचं मराठी वाचन कच्चं असेल तर मराठीवरून कन्नडकडे नेण्याची माझी पद्धत त्याला लागू पडणार नाही, त्याला मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागेल. पहिल्या तासाला कळेल. बाकीचं खाजगीत बोलूया, ग्रुप भरायला नको.

अण्णा, तुम्ही माझी पोस्ट ऑफिसच्या ग्रुपवर पाठवतो म्हणालात, मनापासून आभार. पण तिकडचे नियम मला माहीत नाहीत आणि तिकडचे लोक मला ओळखत नाहीत. कुणी शिकवणी शोधत असेल तर त्या एकालाच माझा नंबर द्या, तेवढं पुरे.

(ग्रुपवर, रविवार, ५ जुलै)

नमस्कार. जुलैची माझी पोस्ट. मागच्या महिन्यातलं सगळं पुन्हा लिहीत नाही. ग्रुपवर 'ओत्तक्षर' शब्द शोधलात तर सापडेल. पाचपैकी दोन जागा उरल्यात, दोन्ही आठवीच्या खालच्या वर्गांसाठी.

ज्यांना शिकवणी नको त्यांच्याही उपयोगाचं एक सांगते. कन्नडमध्ये ए आणि ओ दोन-दोन आहेत, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. मराठीत हा फरक नसल्याने आपल्या कानाला तो लागत नाही. 'बेळे' म्हणताना बे आखूड म्हटलं तर अर्थ शेतातलं पीक, लांबवलं तर डाळ. परवा एका सातवीच्या मुलीने 'शेतकऱ्याने डाळ कापली' असं लिहिलं होतं, आणि तिचं वाक्य बाकी सगळं बरोबर होतं! तिला मी आईबरोबर दुकानात पाठवलं आणि दुकानदाराला दोन्ही शब्द म्हणायला लावायला सांगितलं. परत आली ती दारातूनच दोन्ही नीट म्हणत. घरी मुलांकडून रोज असे पाच शब्द मोठ्याने म्हणवून घ्या. शेजारी कन्नड बोलणाऱ्या अक्का असतील तर त्यांच्यासमोर म्हणवून घेतलेलं सगळ्यात चांगलं.

आणि एक गोष्ट मुलांना नक्की सांगा, त्यांची भीती कमी होते. पंखा तो, खुर्ची ती, पुस्तक ते, हे मराठीत पाठ करावं लागतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगाच्या. मुलगा आला, मुलगी आली, बस आली म्हणजे हुडुग बंदनु, हुडुगि बंदळु, बस्सु बंतु. संपलं.

पावसाचे दिवस आहेत. फार जोराचा पाऊस असेल तर तास रद्द करून रविवारी सकाळी भरून देते, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

(ग्रुपवर, रविवार, २ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. सगळ्या जागा भरल्या, त्यामुळे या वर्षी माझी आणखी जाहिरात येणार नाही. ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांची नावं क्रमाने लिहून ठेवली आहेत. कुणी मधेच थांबलं तर पहिला फोन त्यांनाच करीन. गणितासाठी नववी-दहावीचं विचारणारे चार पालक होते, ते मी शिकवत नाही. आपल्या ग्रुपमध्ये कुणी शिकवत असेल तर ॲडमिन काकांना सांगून पुढच्या पहिल्या रविवारी जरूर लिहा, मी त्या चौघांना तुमच्याकडे पाठवते.